पासवर्ड बदलला, तरी हरवलेला फोन आतच असतो

मागच्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी एक निवृत्त शिक्षिका आमच्याकडे आल्या. त्यांचा फोन डोंबिवलीच्या लोकलमध्ये गेला होता. घरी पोचल्यावर मुलाच्या लॅपटॉपवरून त्यांनी लगेच गूगलचा पासवर्ड बदलला आणि निश्चिंत झाल्या. तिसऱ्या दिवशी मेलच्या कचरापेटीत त्यांना एका खरेदीच्या ॲपचा मेल दिसला, ‘तुमचा पासवर्ड बदलण्यासाठी इथे दाबा’ असा. तो त्यांनी मागवलेला नव्हता, पुसलेलाही नव्हता. त्यांचा प्रश्न साधा होता: ‘पासवर्ड तर मी बदलला होता ना, मग हा माणूस माझ्या मेलमध्ये शिरला कसा?’

आजचं बोलणं याच प्रश्नावर आहे. उत्तर असं, की तो नव्यानं शिरलाच नव्हता. बाईंचा फोन मुळात आतच होता.

नाटकाला जाताना दारावर तिकीट एकदाच तपासतात. मध्यंतरात चहाला बाहेर पडलो तर हातात अर्धं तिकीट असतं, ते दाखवलं की परत आत सोडतात. फोनचंही असंच चालतं. पासवर्ड एकदा टाकला, की गूगल त्या फोनला एक खूण देतं. तिला टोकन म्हणतात. पुढे महिनोन्‌महिने फोन ती खूणच दाखवतो, पासवर्ड कोणी विचारत नाही. ‘हे उपकरण लक्षात ठेवा’ म्हणजे हेच. तेव्हा फोन हरवल्यावर ती खूण रद्द करणं हे आपलं खरं काम असतं.

आता तुम्ही म्हणाल, गूगलचा पासवर्ड बदलला की सगळीकडून लॉगआउट होतं ना? होतं, पण त्याला अपवाद आहेत. ज्या उपकरणावर गूगल ‘हे तुम्हीच आहात का?’ असं विचारून ओळख पटवतं, ते उपकरण पासवर्ड बदलल्यावरही आतच राहतं. आणि आपल्यापैकी बहुतेकांचं ते उपकरण कोणतं? तोच फोन, जो हरवला! बाईंच्या बाबतीत नेमकं हेच झालं. त्यात नातवाला खेळायला सोपं जावं म्हणून त्यांनी स्क्रीनचं कुलूपही काढून ठेवलेलं होतं. फोन ज्याच्या हाती पडला, त्याला जीमेल उघडंच मिळालं.

हे कळतं कसं? myaccount.google.com वर जायचं, Security विभागात Your devices शोधायचं आणि Manage all devices उघडायचं. आपलं खातं जिथे जिथे उघडं आहे, ती सगळी उपकरणं तिथे दिसतात, शेवटची हालचाल कधी झाली तेही दिसतं. बाईंनी ही यादी तिसऱ्या दिवशी उघडली, तेव्हा हरवलेला फोन तिथे होता आणि शेवटची हालचाल आदल्या रात्रीची होती. फोनच्या नावावर दाबलं, की Sign out मिळतं. ते दाबलं की खूण गूगलच्या बाजूनंच रद्द होते, फोन हातात असावा लागत नाही. मात्र जे मेल आणि फोटो फोनवर आधीच उतरलेले असतात, ते यानं पुसले जात नाहीत.

इथे क्रमाचा प्रश्न येतो आणि बहुतेक जण इथेच चुकतात. फोन शोधायला, दुरून कुलूप लावायला किंवा पुसायला गूगलचं Find Hub वापरतात; त्याचा पत्ता android.com/find. पण त्यासाठी फोन आपल्या खात्यात असावा लागतो. आधी Sign out केलं, तर हुकूम पोचवायचा दुवाच तुटतो. म्हणून आधी Find Hub मधून कुलूप लावायचं. फोन मिळण्याची आशा नसेल तर Factory reset द्यायचं. फोन बंद असेल किंवा इंटरनेटवर नसेल, तर तो पुढच्या वेळी इंटरनेटवर आल्यावर पुसला जातो. एकदा पुसला, की Find Hub वर त्याचा ठावठिकाणा मिळत नाही, आणि आत मेमरी कार्ड असेल तर ते पुसलं जाईलच याची खात्री नसते.

मग Sign out कधी करायचं? फोनला आधीपासून चांगलं कुलूप असेल, तर थांबायला हरकत नाही, पुसण्याचा हुकूम पोचू द्यावा. पण बाईंसारखा फोन उघडाच असेल आणि Find Hub वर काही प्रतिसाद येत नसेल, तर फोनची आशा सोडून आधी खातं वाचवावं. फोन पुन्हा घेता येतो, मेल मात्र बाकी सगळ्या खात्यांची किल्ली असते.

आयफोन असेल तर icloud.com/find उघडा आणि फोन Lost म्हणून नोंदवा, हवं तर पुसा. हरवलेला आयफोन खात्यातून काढून मात्र टाकू नका. तो काढला की त्याचं Activation Lock सुटतं आणि तो दुसऱ्याला आरामात वापरता येतो.

आता सिमकार्ड. दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला फोन करून ते ताबडतोब बंद करा, कारण बँकेचे ओटीपी त्यावर येतात. त्याच वेळी बँकेला सांगून यूपीआय थांबवा. मग त्याच नंबरचं नवं सिम घ्या. इथे एक गोष्ट आधीच माहीत असावी, नाहीतर माणूस घाबरून जातो: नवं सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस येत-जात नाहीत. सिम फसवून बदलणाऱ्या चोरांना अडवायला हा नियम आहे, पण त्यामुळे आपलेही ओटीपी दिवसभर अडकतात. बाईंचं नशीब असं, की मुलाच्या लॅपटॉपवर त्यांचं खातं आधीच लक्षात ठेवलेलं होतं, म्हणून आत जाता आलं. तुमच्याकडे असा लॅपटॉप नसेल, तर गूगलचे Backup codes आजच कागदावर उतरवून कपाटात ठेवा. आठ आकड्यांचे दहा कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो, आणि त्यांना ना फोन लागतो ना सिम.

सिम बंद केलं म्हणजे व्हॉट्सॲप बंद झालं असं नाही. वायफायवर ते जुन्या फोनमध्ये चालू राहू शकतं. उपाय असा, की नव्या फोनवर आपल्याच नंबरनं व्हॉट्सॲप सुरू करायचं. एसएमएस येत नसेल तर फोन करून कोड सांगण्याचा पर्याय घ्यायचा. नव्या फोनवर खातं सुरू झालं, की जुना फोन बाहेर पडतो. नंतर Linked devices मध्ये अनोळखी काही जोडलेलं नाही ना, हेही पाहायचं.

पोलिसांत तक्रार दिली, की तिची प्रत घेऊन ceir.gov.in वर फोनचा आयएमईआय क्रमांक बंद करता येतो. हा क्रमांक खोक्यावर छापलेला असतो. त्यानं तो फोन देशातल्या मोबाइल नेटवर्कवर चालत नाही. पण ध्यानात घ्या, यानं आपली खाती लॉगआउट होत नाहीत. वायफायवर तो फोन इंटरनेट वापरूच शकतो. म्हणून हे काम Sign out च्या जागी नाही, त्याच्या जोडीला करायचं.

बाईंनी मग आमच्यासमोर बसून क्रम लावला. सिम त्यांनी पहिल्याच दिवशी बंद केलं होतं. Find Hub वर फोन दिसेना, म्हणून वाट न पाहता Sign out केलं. पासवर्ड पुन्हा बदलला. मग त्या खरेदीच्या ॲपचा पासवर्ड बदलला आणि तिथेही ‘सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट’ केलं, कारण मेलमधून बाहेर काढलेला माणूस त्या ॲपमध्ये अजून बसलेला असू शकत होता. प्रत्येक ॲपची खूण वेगळी असते, एक रद्द केल्यानं दुसरी जात नाही. सुदैवानं पैसे गेले नव्हते. गेले असते, तर लगेच १९३० वर फोन करायचा.

शेवटी त्या म्हणाल्या, ‘ही खरेदीची, रिक्षाची, खाण्याची खाती मला नकोतच. फोनबरोबर गेली म्हणायचं.’ पण खातं फोनबरोबर जात नाही. ॲप काढलं, फोन पुसला, तरी आपला पत्ता, नंबर आणि व्यवहार कंपनीकडे राहतात. खातं वेगळं बंद करावं लागतं. फोन हातात नसेल तरी अडत नाही. ज्या ॲपमध्ये खातं उघडता येतं, त्याला खातं पुसण्याची सोय वेबवरही द्यावी लागते, असा गूगल प्लेचा नियम आहे. संगणकावर प्ले स्टोअरमध्ये ॲपचं पान उघडा, Data safety मध्ये तो दुवा सापडतो.

यातही क्रम आहे. आधी लॉगआउट, मग पासवर्ड बदल, मग खातं पुसणं. फेसबुकसारख्या ठिकाणी पुसण्याची विनंती ३० दिवस थांबून राहते आणि त्या काळात लॉगिन केलं तर ती रद्द करता येते. जुन्या फोनमध्ये पासवर्ड साठवलेला असेल, तर परका माणूस आपलं खातं पुन्हा जिवंत करू शकतो. आणि नंबरच सोडणार असाल, तर खाती त्याआधी बंद करा किंवा नव्या नंबरवर न्या. बंद केलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, आणि मग आपले ओटीपी त्याच्याकडे जातात. ज्या मेलवर बाकी खाती टांगलेली आहेत, तो मेल सगळ्यात शेवटी.

राहिला विकलेला फोन. फोन हातात असेपर्यंत हे सगळं फार सोपं असतं. बॅकअप घ्या, व्हॉट्सॲप नव्या फोनवर न्या, सेटिंग्जमधून गूगल खातं काढा, सिम आणि कार्ड काढा, मग सेटिंग्जमधूनच रीसेट करा. खातं न काढता बटणं दाबून रीसेट केला, तर फोन नव्या मालकाला जुन्याच खात्याचा पासवर्ड मागतो. मग त्याचा फोन येतो, ‘साहेब, पासवर्ड सांगा ना.’ सांगू नका. भेटा, स्वतः टाका, खातं काढा आणि पुन्हा नीट रीसेट करा. आयफोन असेल तर भेटायचीही गरज नाही. इथे हरवलेल्या फोनच्या अगदी उलट करायचं: खरा खरेदीदार असल्यामुळे icloud.com/find वरून तो फोन खात्यातून काढून टाकायचा.

आणि घरी गेल्यावर ती उपकरणांची यादी एकदा उघडाच. दोन फोनांपूर्वीचा, कुणाला तरी देऊन टाकलेला फोन तिथे अजून दिसला, तर Sign out कुठे आहे ते आता तुम्हाला ठाऊक आहे.