शेजारच्या काका-काकूंच्या लग्नाला पन्नास वर्षे

लग्नाच्या सुवर्णमहोत्सवात शेजारी बोलायला उठतात, तेव्हा मुले, सुना, भाऊबहिणी बहुधा बोलून झालेली असतात. कष्ट, संसार, मुलांची शिक्षणे हे सगळे त्यांनी सांगितलेले असते. शेजाऱ्यांकडे मात्र घरच्यांकडे नसलेली एक गोष्ट असते. दारातून, जिन्यातून, गॅलरीतून रोज दिसलेला तो संसार त्यांनी पाहिलेला असतो. त्यांच्या शुभेच्छांचा खरा ऐवज तोच.

लिहायला बसण्याआधी वर्षांचा हिशेब नीट करावा. १९७६ साली लग्न झालेल्या जोडप्याची पन्नास वर्षे २०२६ मध्ये लग्नाच्या तारखेला पूर्ण होतात. एकोणपन्नास वर्षे पूर्ण झाली की पन्नासावे लागते, आणि काही घरांत समारंभ तेव्हाच करतात. अशा वेळी ‘पन्नास वर्षे पूर्ण झाली’ असे वाचले, तर समोर बसलेल्या काकू तिथल्या तिथे चूक दुरुस्त करतात. तेव्हा ‘पन्नासाव्या वर्षात पदार्पण’ म्हणावे.

पुढचा प्रश्न मानाचा. पत्राच्या जुन्या रीतीत स्वतःच्या आईवडिलांना ‘तीर्थरूप’ आणि आईवडिलांसारख्या वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’ लिहितात. शेजारच्या काका-काकूंना दुसरा शब्द नेमका बसतो. ‘तुम्ही’ की ‘आपण’ हे रोजच्या बोलण्यावरून ठरवावे. वीस वर्षे ‘काकू, तुम्ही जेवलात का?’ असे विचारणाऱ्याने माइक हातात येताच ‘आपण उभयतांनी’ सुरू केले, की जवळीक तिथेच संपते. वयाने लहान असलेल्यांनी ‘सुखी राहा’, ‘सुखाने नांदा’ असेही म्हणू नये. ते आशीर्वाद आहेत, आणि आशीर्वाद मोठ्यांनी द्यायचे. लहानांनी ‘लाभो’ म्हणावे, प्रार्थना करावी, नमस्कार करावा.

सर्वांत जास्त चूक होते ती मजकुरात. काकांच्या नोकरीवर चार वाक्ये आणि शेवटी ‘काकूंनी त्यांना मोलाची साथ दिली’ एवढेच, असे अनेक भाषणांत घडते. पन्नास वर्षे दोघांची आहेत. म्हणून काकूंची एक आठवण, काकांची एक, आणि दोघांना एकत्र पाहिलेले एखादे दृश्य घ्यावे. आजारपण, ऑपरेशन, ‘आयुष्याची संध्याकाळ’ हे शब्द टाळावेत. घरातल्या कुणाच्या जाण्याचा उल्लेख करायचा असेल, तर मुलांना आधी विचारावे.

एकाच मजल्यावर बावीस वर्षे राहिलेल्या कुटुंबाने वाचायचा मजकूर असा होऊ शकतो:

‘तीर्थस्वरूप काका आणि काकू, तुम्हा दोघांना आमच्या घराचा साष्टांग नमस्कार. आज तुमच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली. त्यातली बावीस आम्ही समोरच्या दारातून पाहिली. काकू, आमच्याकडून तुमच्याकडे गेलेली वाटी कधी रिकामी परत आली नाही. कधी लिंबाचं लोणचं, कधी नुसती चिमूटभर साखर. काका, आमच्या घराची दुसरी किल्ली अजून तुमच्याच खिळ्यावर आहे. मुलं शाळेतून लवकर आली, तर ती त्या खिळ्याकडेच धावायची. रोज संध्याकाळी तुम्ही दोघं गॅलरीत बसता. काकू भाजी निवडतात, काका पेपर मोठ्याने वाचतात, आणि मध्येच काकू म्हणतात, “ते परत वाचा.” तो आवाज आला की आमची संध्याकाळ सुरू होते. तुम्हा दोघांना उत्तम आरोग्य आणि उदंड आयुष्य लाभो, हीच देवाजवळ प्रार्थना. आम्हाला आशीर्वाद द्या.’

सावकाश वाचले तरी हे एका मिनिटाच्या आसपास संपते आणि तेवढेच पुरे असते. यातला एकही शब्द जीभ अडखळवत नाही. ‘सहजीवनाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षपूर्तीनिमित्त’ पत्रिकेवर शोभते. माइकवर मात्र वाचणारा तिसऱ्या अक्षरालाच चाचरतो. लिहिताना ‘लोणचे’ लिहिले तरी वाचताना तोंडात ‘लोणचं’च येते. म्हणून ऐकवायचा मजकूर बोलतो तसाच लिहिलेला बरा. घरी एकदा मोठ्याने वाचून पाहावे. जिथे श्वास पुरत नाही, तिथे वाक्य तोडावे.

किल्ली, वाटी, पेपर यांच्या जागी ज्याने त्याने आपल्या दारासमोरचे खरे घ्यावे. इतरांचा मजकूर जसाच्या तसा वाचला, तर ज्या घरी कधी किल्ली ठेवलीच नाही तिथले काका गोंधळून बायकोकडे पाहतात.

वाचताना कागदाकडे कमी आणि दोघांकडे जास्त पाहावे. ऐकू कमी येत असेल तर जवळ उभे राहून, न ओरडता, शब्द सुटे उच्चारावेत. शेवटच्या वाक्यानंतर घरातल्या सगळ्यांनी पुढे होऊन नमस्कार करावा आणि कागद काकूंच्या हातात द्यावा. त्यावर मजकूर मोठ्या अक्षरांत, खाली तारीख आणि घरातल्या प्रत्येकाची, अगदी धाकट्याचीही, स्वतःच्या हाताने केलेली सही असावी. पाहुणे गेल्यावर चश्मा लावून तो पुन्हा वाचला जातो.