सिग्नलचं एक मिनिट कुणाच्या खात्यावर?

पुण्यात २००६च्या अखेरीस कात्रज–स्वारगेट–हडपसर हा बीआरटी मार्ग प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. रस्त्याच्या मधोमध फक्त बससाठी लेन आणि तिच्यातच थांबे, अशी त्याची रचना होती. लेन बांधली महापालिकेने. बस आधी पीएमटीच्या होत्या, पुढच्या वर्षी पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र येऊन पीएमपीएमएल ही कंपनी झाली, तेव्हा तिच्याकडे गेल्या. लेनमध्ये घुसणाऱ्या दुचाकीला दंड करण्याचा अधिकार मात्र या दोघांकडेही नव्हता. तो वाहतूक पोलिसांचा, आणि पोलीस राज्याच्या गृहखात्याचे. घुसखोरी थांबवायला वॉर्डन नेमले गेले, पण वॉर्डन हात दाखवू शकतो, पावती फाडू शकत नाही.

घुसखोरी निदान डोळ्यांना दिसते. सिग्नलवर जाणारा वेळ दिसत नाही, आणि माझ्या मते बसचं खरं नुकसान तिथेच होतं.

समजा, एका चौकात सिग्नलचं चक्र दोन मिनिटांचं आहे आणि बसच्या दिशेला त्यातले ३० सेकंद हिरवे मिळतात. म्हणजे ९० सेकंद लाल. चारपैकी तीन बसना लाल लागणार आणि त्या सरासरी ४५ सेकंद थांबणार. सगळ्या बस धरल्या तर एका बसमागे सुमारे ३४ सेकंद. आता आडव्या रस्त्यावर गाड्या तुंबतात म्हणून चक्र तीन मिनिटांचं केलं आणि बसचे ३० सेकंद तेवढेच ठेवले. लाल झालं १५० सेकंद. आता सहापैकी पाच बस अडकणार, सरासरी ७५ सेकंद. म्हणजे बसमागे एक मिनिटाहून थोडं जास्त. चौकातल्या हवालदाराचं यात काही चुकलेलं नाही. त्याने समोर दिसणारी रांग मोकळी केली.

एका चौकात वाढले साधारण २९ सेकंद. मार्गावर असे दहा चौक असतील तर जाता-येता मिळून जवळपास दहा मिनिटं वाढली. जी फेरी १२० मिनिटांत पुरी व्हायची, तिला आता १३० लागतात. दर दहा मिनिटांनी बस सोडायची तर आधी १२ गाड्या पुरत होत्या, आता १३ लागतील. एक जादा गाडी, तिच्या दोन पाळ्यांचे दोन चालक, दोन वाहक आणि इंधन. गाडी नसेल तर १२ गाड्यांनी सोळा तासांत ९६ फेऱ्या व्हायच्या, त्या ८८ वर येतात. कागदावर ही तूट ‘फेऱ्या रद्द’ अशी दिसते. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला वाटतं, बसवालेच कामचुकार.

निर्णय झाला पोलिसांच्या चौकात, खर्च पडला आगारात. पीएमपीएमएलची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ६०:४० प्रमाणात भरून देतात, म्हणजे ते पैसे अखेर करदात्याचेच. पण महापालिकेत सिग्नलचा खांब वेगळ्या खात्यात बसतो आणि बसची तूट वेगळ्या खात्यात. तिकिटाचे दर ठरवायलाही प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाची मंजुरी लागते. ज्या संस्थेचं नुकसान होतं, तिच्या हातात ना रस्ता, ना सिग्नल, ना पूर्णपणे स्वतःचा दर.

मेट्रो आल्यावर ही वाटणी आणखी पसरली. पुण्यात दोन मार्ग महामेट्रोचे, हिंजवडी–शिवाजीनगर हा तिसरा पीएमआरडीएचा. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडावा लागला, कारण मेट्रो आणि दुमजली पुलाच्या नव्या आराखड्यात तो बसत नव्हता.

यावर केंद्राच्या २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने एकात्मिक महानगर वाहतूक प्राधिकरण सुचवलं, आणि २०१७च्या मेट्रो धोरणाने मेट्रोला केंद्राची मदत हवी असेल तर ते सक्तीचं केलं. पण अशा प्राधिकरणाला कायद्याचा आधार आणि स्वतःचा निधी नसेल तर ते बैठकीपुरतंच उरतं. अधिकारी येतात, इतिवृत्त लिहिलं जातं, आणि प्रत्येक जण आपापल्या वरिष्ठांकडे परततो.

लंडनचा अनुभव इथे उपयोगी पडतो. तिथे २००० साली स्थापन झालेली ‘ट्रान्सपोर्ट फॉर लंडन’ ही एकच संस्था बस सांभाळते, आणि २००३ पासून भुयारी रेल्वेही. शहरातले सुमारे ९५ टक्के रस्ते आजही स्थानिक बरोंच्या ताब्यात आहेत. पण त्या रस्त्यांवरचे सिग्नलसुद्धा चालवते ती हीच संस्था. त्यामुळे एखाद्या चौकात हिरव्या दिव्याचे पाच सेकंद काढून घेतले तर बसच्या वेळापत्रकावर काय होईल, हे दोन्ही हिशोब एकाच घरात मांडले जातात. बस लेन आखायला मात्र तिथेही बरोला राजी करावं लागतं, आणि बरो अडून बसले की काम रखडतं.

म्हणून आपल्याकडे सगळ्या संस्था मोडून एक करण्याआधी मी एवढंच मागेन: ज्या दहा चौकांतून सर्वाधिक बस जातात, तिथलं सिग्नलचं चक्र बदलायचं असेल तर त्या कागदावर आगाराच्या वेळापत्रक विभागाचीही सही असावी, आणि वाढलेल्या फेरीच्या मिनिटांचा आकडा त्याच कागदावर लिहिलेला असावा.