दोन लार्ज आणि पहाटेचे तीन

मनगटावरचं घड्याळ किंवा बोटातली अंगठी दारू मोजत नाही, हे सगळ्यात आधी समजून घ्यायला हवं. सकाळी फोनवर 'झोप कमी दर्जाची, शरीर सावरलेलं नाही' असा शेरा दिसतो, तेव्हा रात्री किती घेतली हे त्या यंत्राला माहीत नसतं. त्याने पाहिलेली असते ती नाडी. घड्याळाच्या पाठीमागचा हिरवा दिवा त्वचेवर लुकलुकतो, प्रत्येक ठोक्याला रक्त वाढलं की परत येणारा प्रकाश कमी होतो, आणि त्यावरून ठोके मोजले जातात. सोबत हालचाल टिपणारा सेन्सर असतो, काही यंत्रांत त्वचेचं तापमानही. एवढ्या सामग्रीवर बाकीचं सगळं अनुमान उभं असतं.

दारूचा हिशेब ठेवणारी ॲप्स वेगळी. तिथे आपण काय प्यायलो ते भरायचं आणि ॲपने गणित करायचं. हे गणित जुनं आहे. स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी १९३०च्या दशकात ते मांडलं: पोटात गेलेले अल्कोहोलचे ग्रॅम, शरीराचं वजन आणि स्त्री-पुरुष फरक यांवरून रक्तातलं प्रमाण काढायचं, आणि दर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम (१०० मिलिलिटर रक्तामागे) वजा करत जायचं.

गणित बरोबर असलं तरी आपल्याकडे ते पहिल्याच पायरीवर फसतं. अनेक ॲप्स अमेरिकी पद्धतीने 'एक ड्रिंक' म्हणजे १४ ग्रॅम अल्कोहोल धरतात. आपल्या व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के छापलेलं असतं. लार्ज पेग ६० मिलिलिटरचा. म्हणजे त्यात सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल. बिअरचं तर आणखी वाईट. ६५० मिलिलिटरची ८ टक्क्यांची स्ट्राँग बाटली म्हणजे ४१ ग्रॅम, जवळपास दोन लार्ज. ॲपमध्ये मात्र ती 'एक बिअर' म्हणून नोंदली जाते, आणि हिशेब तिपटीने चुकतो.

याचा झोपेशी संबंध कसा, ते एका उदाहरणाने पाहू. ७० किलोचा पुरुष रात्री नऊला बसला, अकरापर्यंत दोन लार्ज घेतले, जेवला आणि साडेअकराला आडवा झाला. त्याने ॲपमध्ये 'दोन ड्रिंक' भरले. ॲप २८ ग्रॅम धरतं आणि सांगतं की एक वाजायच्या सुमारास रक्त साफ. प्रत्यक्षात ४० ग्रॅम गेलेत. त्याच सूत्राने साफ व्हायला पावणेतीन होतात. ५५ किलोच्या बाईने तेवढेच घेतले तर पहाटेचे सहा. शिवाय ताशी १५ ही सरासरी आहे. कुणाचं यकृत १० उरकतं, कुणाचं २०. आपल्या पुरुषाचा वेग १० असेल तर साडेपाच होतील, २० असेल तर सव्वा. म्हणून ॲपने दाखवलेली नेमकी वेळ हा फार तर मधला अंदाज असतो. त्या आकड्यावर भरवसा ठेवून कुणी गाडीला किल्ली लावू नये.

तरीही ही वेळ महत्त्वाची, कारण झोपेचं खरं नुकसान तिच्या आसपास सुरू होतं. रक्तात दारू असते तोवर झोप पटकन लागते, सुरुवातीला गाढही असते. 'घेतली की छान झोप येते' हा अनुभव खोटा नाही. पण त्या काळात स्वप्नांची झोप, म्हणजे रेम, दबून राहते. दारू उतरली की मेंदू उलट्या बाजूला झुकतो. झोप उथळ होते, तुटते, स्वप्नं गर्दी करतात, घसा कोरडा पडतो, लघवीला उठावं लागतं. दोन लार्जनंतर पहाटे तीनला टक्क जाग येते त्यामागे हेच आहे.

आता घड्याळाकडे वळू. नाडीच्या बाबतीत ते बऱ्यापैकी विश्वासू आहे. दारू प्यायल्यावर झोपेतही हृदय जोरात चालतं, आणि दोन ठोक्यांमधल्या अंतरात जी निरोगी चढउतार असते, जिला एचआरव्ही म्हणतात, ती घटते. फिनलंडमधल्या ४,०९८ नोकरदारांवरचा एक अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात झोपेच्या पहिल्या तीन तासांत शरीर किती सावरतं हे ठोक्यांवरून काढलं होतं. थोड्या दारूने ते ९ टक्क्यांनी घटलं, मध्यम प्रमाणाने २४, तर जास्त दारूने ३९ टक्क्यांनी. नियमित व्यायाम करणारेही यातून सुटले नाहीत. तिथे छातीवरचे इलेक्ट्रोड होते आणि दारूचं प्रमाण लोकांनी स्वतः सांगितलेलं होतं, पण मात्रेबरोबर परिणाम वाढतो हे स्पष्ट दिसलं.

झोपेच्या टप्प्यांची गोष्ट वेगळी. गाढ झोप किती, रेम किती, हे खरं कळतं ते प्रयोगशाळेत, डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी पाहिल्यावर. घड्याळ ते नाडी आणि हालचालीवरून ओळखायचा प्रयत्न करतं. माणूस झोपलाय हे त्याला चांगलं कळतं. जागा असून निपचित पडलाय हे बऱ्याचदा कळत नाही. तीन ते चार छताकडे बघत काढलेला तास सकाळी 'हलकी झोप' म्हणून जमा झालेला दिसू शकतो. दारूच्या रात्री आणखी एक घोळ होतो. संथ, स्थिर नाडी ही घड्याळासाठी गाढ झोपेची एक खूण असते, आणि नेमकी तीच दारूने बिघडवलेली असते. म्हणून त्या रात्रीची '४२ मिनिटं गाढ झोप' अशी नोंद मी तरी गंभीरपणे घेणार नाही.

घ्यायचीच तर रात्रभराच्या नाडीची रेघ बघावी. चांगल्या रात्री ती झोपेबरोबर उतरत जाते आणि मध्याच्या आसपास तळ गाठते. प्यायलेल्या रात्री सुरुवातीचे तास वर राहते आणि तळ उठायच्या वेळेजवळ येतो. पण एवढ्यावरून दारूच कारण असं ठरत नाही. ताप, उशिराचं भरपेट जेवण, मे महिन्यातली उकाड्याची रात्र किंवा पाळीआधीचे दिवस यांतही रेघ वर राहते. उलट रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलसारखी नाडी संथ करणारी गोळी चालू असेल, तर परिणाम होऊनही रेघेत फारसा दिसत नाही.

थेट दारू शोधणारी यंत्रंही आहेत. प्यायलेल्या अल्कोहोलपैकी साधारण एक टक्का त्वचेतून बाहेर पडतो. अमेरिकेत न्यायालयाच्या आदेशाने घोट्याला बांधला जाणारा 'स्क्रॅम' पट्टा तोच पकडतो. पण त्वचेवरचं प्रमाण रक्ताच्या मागे अर्ध्या तासापासून दोनेक तासांपर्यंत रेंगाळतं, आणि हातावर सॅनिटायझर चोळलं तरी सेन्सर दचकतो.

मला सगळ्यात काळजी वाटते ती मात्र रोज घेणाऱ्यांची. सकाळचा गुण हा बहुतेक यंत्रांत तुमच्याच मागच्या काही आठवड्यांशी तुलना करून दिला जातो. शनिवारी एकदा पिणाऱ्याचा रविवार लाल दिसतो. रोज दोन लार्ज घेणाऱ्याची वाढलेली नाडी यंत्र त्याची नेहमीची नाडी म्हणून धरतं, आणि त्याला सकाळी हिरवा शेरा मिळतो. तुलनेला एकही कोरडी रात्र नसली की नुकसान आकड्यात उमटतच नाही. ते दिसावं म्हणून दोनतीन आठवडे बंद करून बघावं, हा उपाय अधूनमधून घेणाऱ्यांसाठी ठीक आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र आधी डॉक्टरांना विचारावं. अशा माणसाची दारू एकदम तुटली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि त्याची पूर्वसूचना घड्याळ देत नाही.