पैसे दुप्पट व्हायला ११५ महिनेच का?

पोस्टातल्या किसान विकास पत्राचा व्याजदर एप्रिल २०२३ मध्ये ७.५ टक्के झाला आणि रक्कम दुप्पट होण्याची मुदत ११५ महिने ठरली. त्याआधी दर ७.२ टक्के असताना ती १२० महिने होती. हे आकडे ओबडधोबड वाटतात, पण ते कोणी मनाने ठरवलेले नाहीत. चक्रवाढ व्याजाच्या सूत्रातूनच ते निघतात.

या पत्रावरचे व्याज वर्षातून एकदा मुद्दलात मिळवले जाते. म्हणजे दरवर्षी रकमेला १.०७५ ने गुणायचे. एक लाखाचे नऊ वर्षांनी सुमारे १,९१,७२४ रुपये होतात आणि दहा वर्षांनी २,०६,१०३. दोन लाखांचा टप्पा मधेच कुठेतरी ओलांडला जातो. तो नेमका कधी, हे एकेक वर्ष गुणत बसून कळत नाही, कारण हवी असलेली संख्या घातांकाच्या जागी आहे: (१.०७५)^न = २.

घातांक खाली उतरवण्याचे काम लॉगरिदम करते. जॉन नेपिअरने १६१४ मध्ये लॉगरिदमची कोष्टके प्रसिद्ध केली, ती मोठमोठे गुणाकार बेरजेवर आणण्यासाठी. पाठ्यपुस्तकांत त्याला लघुगणक म्हणतात. बोलताना सगळेच लॉग म्हणतात. एखादी संख्या मिळवण्यासाठी १० चा कितवा घात घ्यावा लागतो, ते तिचा लॉग सांगतो. घात असलेल्या संख्येचा लॉग घेतला की घातांक पुढे येऊन साधा गुणक होतो. म्हणून न × log १.०७५ = log २, आणि त्यावरून

न = log २ ÷ log १.०७५ = ०.३०१०३ ÷ ०.०३१४०८ = ९.५८४ वर्षे.

०.५८४ ला १२ ने गुणले की सात महिने येतात. नऊ वर्षे सात महिने, म्हणजेच ११५ महिने. कॅल्क्युलेटरवर log ऐवजी ln हे बटण वापरले तरी उत्तर तेच येते. फक्त वर-खाली एकच बटण हवे. खालचा आकडा मात्र घाईने पूर्णांकित करू नये. ०.०३१४ च्या जागी ०.०३ घेतले, तर उत्तर दहा वर्षांच्याही पुढे सरकते. एवढीशी दिसणारी काटछाट पाच महिने खाते.

दुपटीऐवजी दुसरे उद्दिष्ट असेल तर फक्त वरचा आकडा बदलतो. चार लाखांचे दहा लाख करायचे, तर दहाला चारने भागून २.५ येतात. log २.५ म्हणजे ०.३९७९४. त्याला ०.०३१४०८ ने भागले की १२.६७, म्हणजे बारा वर्षे आठ महिने. गंमत अशी की चार लाख किंवा दहा लाख हे आकडे सुटे कुठेच येत नाहीत. चार हजारांचे दहा हजार व्हायलाही तितकाच काळ लागतो.

बँकेच्या मुदत ठेवीत चूक होते ती वेगळ्या जागी. तिथे व्याजाची चक्रवाढ साधारणपणे तिमाही असते. ७ टक्के दर असेल तर दर तिमाहीला १.७५ टक्के मिळतात, म्हणून छेदात log १.०१७५, म्हणजे ०.००७५३४ घ्यायचा. ०.३९७९४ ला त्याने भागल्यावर ५२.८२ येतात, पण या तिमाह्या आहेत, वर्षे नव्हेत. व्याज तिमाही संपल्यावर जमा होते असे धरले, तर ५३ तिमाह्या, म्हणजे सव्वातेरा वर्षे लागतात. वार्षिक चक्रवाढ धरली असती तर उत्तर साडेतेरा वर्षांच्या थोडे पुढे गेले असते. ५२.८२ ला वर्षे समजले तर चूक लगेच ओळखू येते: ७ टक्क्यांनी पैसे दहा वर्षांत साधारण दुप्पट होतात, मग अडीचपटीला पन्नास वर्षे कशी लागतील?

ही तोंडी तपासणी ७२ च्या नियमाने करता येते: ७२ ला दराने भागले की दुपटीची वर्षे मिळतात. इटालियन गणिती लुका पाचोली याच्या १४९४ मधल्या ग्रंथात हा नियम आढळतो, म्हणजे नेपिअरच्या कोष्टकांच्या शंभराहून अधिक वर्षे आधी. ७.५ टक्क्यांना तो ९.६ वर्षे सांगतो. खऱ्या उत्तराला जवळजवळ चिकटूनच. १८ टक्क्यांना तो ४ वर्षे म्हणतो, तर लॉग ४.१९ देतो.

खरी पंचाईत होते ती उद्दिष्टच जागेवर राहत नाही तेव्हा. आज ज्या शिक्षणाला दहा लाख लागतात, त्याचा खर्च दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत असेल, तर छेदात १.०७५ चा लॉग चालत नाही. १.०७५ ला १.०५ ने भागून येणाऱ्या १.०२३८ चा लॉग घ्यावा लागतो. चार लाखांवर तो खर्च भागायला मग बारा वर्षे आठ महिने पुरत नाहीत. जवळजवळ ३९ वर्षे लागतात. व्याजावर प्राप्तिकर बसत असेल तर मुदत आणखी लांबते. आणि महागाई व्याजाइतकीच असली, तर छेदात log १, म्हणजे शून्य येते आणि कॅल्क्युलेटर उत्तराच्या जागी चूक दाखवतो.