दीडशेची केबल

पुण्याच्या तपकीर गल्लीतलं एक अरुंद दुकान. कॉलेजात जाणारा एक मुलगा पाठीवरच्या बॅगेत प्लेस्टेशन ५ घेऊन आला. घरी नवा ४के टीव्ही आल्यापासून खेळताना चित्र लुकलुकत होतं आणि मध्येच पडदा दोन सेकंद काळा पडत होता. "काका, टीव्हीच खराब आलाय," तो म्हणाला.

"केबल आणलीस का?" दुकानदाराने विचारलं.

केबल बॅगेतच होती. कन्सोलसोबत आलेली आखूड पडली म्हणून हातगाडीवरून दीडशे रुपयांना घेतलेली, पाच मीटर लांब. "पण हिचा काय संबंध? जुन्या टीव्हीवर दोन वर्षं चाललीय ही."

दुकानदाराचा संशय नेमका इथेच बळावला. जुना टीव्ही फुल एचडी होता. सेकंदाला ६० चित्रं दाखवताना त्याच्या केबलमधून सेकंदाला साधारण साडेचार गिगाबिट माहिती जाते. ४के पडद्याला तेवढ्याच चित्रांसाठी सुमारे १८ गिगाबिट लागतात, म्हणजे चौपट. बारीक तांब्याच्या तारेत, त्यातही लांब केबलमध्ये, इतक्या वेगाचे संकेत टोकाला पोचेपर्यंत क्षीण होतात. मग टीव्हीला शून्य कुठलं आणि एक कुठला हे नीट ओळखता येत नाही. चूक थोडी असेल तर चित्रावर पांढरे ठिपके चमकतात. ताळमेळच सुटला, तर टीव्ही जोडणी पुन्हा पहिल्यापासून जुळवतो, आणि तेवढा वेळ पडदा काळा राहतो.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. दुकानदाराने कन्सोल दुकानातल्या ४के टीव्हीला त्याच केबलने जोडला. पाच मिनिटांत पडदा काळा झाला, म्हणजे घरचा टीव्ही सुटला. मग सेटिंगमध्ये रेझोल्यूशन १०८०पी केलं. पंधरा मिनिटं चित्र हललं नाही. पुन्हा ४के केलं आणि फक्त केबल बदलली, तरी चित्र स्थिर. शेवटी जुनी केबल परत लावली आणि लुकलुक परत आली. ही उलट तपासणी बरेच जण गाळतात. केबल काढून लावल्यामुळे कधीकधी सैल जोडही घट्ट बसतो आणि दोष भलत्याच गोष्टीवर जातो.

"मग सोन्याचा मुलामा असलेली, महागातली द्या."

दुकानदाराने मान हलवली. संकेत नीट पोचला की चित्र तेच. जास्त पैसे मोजून रंग खुलत नाहीत. पाकिटावर छापलेल्या '२.१' या आकड्यावरही त्याने जाऊ नये, असं सांगितलं. पाहायचं ते 'अल्ट्रा हाय स्पीड'चं प्रमाणित लेबल. त्यावरचा क्यूआर कोड एचडीएमआयच्या अधिकृत अ‍ॅपने तपासता येतो. अशी केबल ४८ गिगाबिटपर्यंत तपासलेली असते. लांबी मात्र गरजेपुरतीच घ्यावी.

मुलाने कोड तपासून दोन मीटरची केबल घेतली. कन्सोल टीव्हीखालच्या फळीवर सरकवायचं ठरलं. जुनी केबल तो तिथेच टाकून निघाला होता. दुकानदाराने ती गुंडाळून त्याच्या हातात दिली. "फुल एचडी सेटटॉप बॉक्सला लाव. तिथे चालेल."