धावत्या प्रभाराचे चुंबकत्व किती?

प्लास्टिकची एक छोटी गोळी घासून तिच्यावर १ नॅनोकूलंब विद्युतप्रभार बसवला आणि ती टेबलावरच्या होकायंत्राजवळून सेकंदाला १० मीटर वेगाने फेकली, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरने, तर सुई हलेल का? शाळेत आपण शिकलो की वाहणारी वीज चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. धावता प्रभार म्हणजे वाहती वीजच. मग सुईने निदान दखल तरी घ्यायला हवी. प्रत्यक्षात ती ढिम्म राहते. क्षेत्र निर्माण होतेच, फक्त ते किती लहान असते याची आपल्याला कल्पना नसते.

आकडे मांडून बघू. गोळी सुईपासून १० सेंटीमीटरवरून, नेमकी बाजूने जात आहे. त्या क्षणी सुईच्या जागी गोळीचे विद्युत क्षेत्र मीटरला ९०० व्होल्ट भरते. हे काही लहान नाही.  चुंबकीय क्षेत्र काढायचे तर प्रभार गुणिले वेग, भागिले अंतराचा वर्ग, आणि या सगळ्याला १० चा उणे सातवा घात. उत्तर येते १० चा उणे तेरावा घात टेस्ला. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे, म्हणजे गोळीच्या क्षेत्राच्या सुमारे ४० कोटी पट. सुईने हलावे तरी कशाला!

आता ९०० आणि १० चा उणे तेरावा घात हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘विद्युत क्षेत्र इतक्या पटींनी मोठे’ असे म्हणण्याचा मोह होतो. ते चूक आहे. एक आकडा व्होल्ट प्रतिमीटरमध्ये, दुसरा टेस्लात. त्यांची थेट तुलना होऊच शकत नाही. चुंबकीय क्षेत्राला आधी प्रकाशाच्या वेगाने गुणावे लागते, मग दोन्ही एकाच मापात येतात. तसे केले की चुंबकीय बाजूला मीटरला ०.००००३ व्होल्ट मिळतात. समोर ९००. गुणोत्तर ३ कोटी. हा आकडा ओळखीचा वाटेल, कारण प्रकाशाचा वेग आपल्या गोळीच्या वेगाच्या बरोबर ३ कोटी पट आहे.

हा योगायोग नव्हे. सावकाश आणि एकसमान वेगाने जाणाऱ्या एकट्या प्रभारासाठी नियम असा:

B = vE sinθ / c²

यात E म्हणजे त्याच जागेचे विद्युत क्षेत्र, v प्रभाराचा वेग, c प्रकाशाचा वेग आणि θ हा प्रभाराची दिशा व प्रभारापासून आपल्या जागेपर्यंतची रेषा यांमधला कोन. या सूत्रात काय नाही ते पाहण्यासारखे आहे. प्रभार किती आणि अंतर किती, हे दोन्ही E च्या पोटात गेले. गोळीवर हजारपट प्रभार चढवा किंवा सुई अगदी जवळ न्या, दोन्ही क्षेत्रे एकाच हिशेबाने वाढतील आणि गुणोत्तर जागचे हलणार नाही. ते बदलायचे तर वेग वाढवणे हाच उपाय. कोनाने चुंबकीय बाजू फक्त कमी होऊ शकते: प्रभार ज्या रेषेत धावतो त्या रेषेवर, त्याच्या पुढे आणि मागे, चुंबकीय क्षेत्र शून्य असते, विद्युत क्षेत्र मात्र तिथेही शाबूत असते.

बळांचा हिशेब तर आणखी एक पायरी खाली उतरतो. चुंबकीय क्षेत्र स्थिर प्रभाराला ढकलतच नाही, त्यासाठी दुसरा प्रभारही धावता हवा. दोन सारख्या गोळ्या शेजारी-शेजारी सेकंदाला १० मीटरने चालल्या, तर त्यांच्यातले विद्युत प्रतिकर्षण आणि चुंबकीय आकर्षण यांचे गुणोत्तर प्रकाशवेग भागिले गोळीवेग याचा वर्ग, म्हणजे ९ वर १४ शून्ये. आणि त्या गोळ्यांबरोबर त्याच वेगाने चालणाऱ्या माणसाच्या लेखी गोळ्या थांबलेल्याच असतात, त्याला चुंबकीय क्षेत्र मुळी सापडतच नाही.

‘सावकाश’ म्हणजे किती, असा प्रश्न कोणी विचारेल. इथे प्रकाशाशी स्पर्धा आहे, त्यामुळे बंदुकीची गोळीही सावकाशच. सेकंदाला ३०,००० किलोमीटर वेगालासुद्धा, म्हणजे प्रकाशाच्या दहाव्या हिश्श्याला, प्रभाराचे विद्युत क्षेत्र बाजूला अर्धा टक्का वाढते आणि पुढे-मागे एक टक्का घटते. साध्या सूत्रात चूक येते ती एवढीच. वरचे गुणोत्तर तर एकसमान वेग असेल तोवर त्यापुढेही अचूक राहते. प्रभार मध्येच थांबला, वळला किंवा हिसका खाऊन पळाला, तर मात्र प्रारणाचा वेगळा हिशेब सुरू होतो.

हे सगळे कागदावर ठीक. पण धावता प्रभार खरोखर चुंबकत्व निर्माण करतो, हे कोणी कधी मोजले का? तारेतली वीज आणि घासून आलेली स्थिर वीज यांचे नाते एकोणिसाव्या शतकात गृहीत धरलेले होते, पण प्रभार बसवलेली वस्तू नुसती हलवून चुंबकीय परिणाम मिळतो हे दाखवलेले नव्हते. ते काम अमेरिकेच्या हेन्री रोलंडने १८७६ मध्ये बर्लिनला, हेल्महोल्ट्झच्या प्रयोगशाळेत केले. तेव्हा तो विशीतच होता.

त्याने एबोनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची, सुमारे २१ सेंटीमीटर व्यासाची चकती घेतली. तिला सोन्याचा मुलामा दिला, प्रभार चढवला आणि सेकंदाला ६१ फेऱ्या या गतीने फिरवली. म्हणजे कडेचा वेग सेकंदाला साधारण ४० मीटर. आपल्या गोळीपेक्षा चौपट, बस्स. चकतीच्या वर-खाली मुलामा दिलेल्या काचा जमिनीला जोडून ठेवल्या आणि चुंबकीय सुई त्यांच्या बाहेर टांगली. या मांडणीत खरी हुशारी आहे. जमिनीला जोडलेला धातू चकतीचे विद्युत क्षेत्र अडवतो. त्या काचांवर उलटा प्रभार जमा होतो खरा, पण तो जागचा हलत नाही, म्हणून त्याचे चुंबकीय क्षेत्र शून्य. सुईपर्यंत पोचते ते फक्त फिरणाऱ्या प्रभाराचे चुंबकत्व. लाखो पटींनी मोठा शेजारी अशा रीतीने बाजूला काढता येतो.

आता रोलंडने जास्तीत जास्त किती क्षेत्राची अपेक्षा ठेवावी? वरच्या सूत्रातूनच उत्तर मिळते. चकतीवर मनाला येईल तेवढा प्रभार चढवता येत नाही. मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट झाले की हवा फुटते आणि ठिणगी पडते. E ची ही कमाल आणि वेग ४० मीटर, म्हणजे B ची कमाल १.३ नॅनोटेस्ला. बर्लिनमधल्या पृथ्वीच्या आडव्या क्षेत्राचा हा साधारण चौदा हजारावा भाग. रोलंडला प्रत्यक्षात मिळाला तो सुमारे पन्नास हजारावा भाग. या कमाल मर्यादेच्या एवढ्या जवळ जाणे हे त्या काळच्या साधनांनी अचाट काम होते, असे माझे मत आहे.

सुई हलली हे खरे, पण ती प्रभारामुळेच हलली कशावरून? फिरणारा दांडा थरथरतो, हवा ढवळली जाते, लोखंडी भाग स्वतः चुंबकीय असतात. रोलंडने फिरती चकती तशीच ठेवून प्रभाराचे चिन्ह उलटे केले. थरथर आणि लोखंड यांना धन-ऋणाचे सोयरसुतक नसते. त्यांचा परिणाम होता तसाच राहतो. सुई मात्र दुसऱ्या बाजूला गेली. चिन्हाबरोबर उलटते तेवढेच प्रभाराचे, हा त्याचा निकष होता.

तरीही वाद संपला नाही. १९०० च्या सुमारास पॅरिसमध्ये क्रेम्यू नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने हाच प्रयोग केला आणि त्याला काहीच मिळाले नाही. तिकडे अमेरिकेत रोलंडचा विद्यार्थी पेंडर याला परिणाम स्पष्ट दिसत होता. शेवटी १९०३ मध्ये पेंडर पॅरिसला गेला आणि दोघांनी मिळून एकमेकांची उपकरणे तपासली. दोष सापडला तो क्रेम्यूच्या चकत्यांवरच्या विद्युतरोधक लेपात. तो लेप काढला की परिणाम दिसू लागला. भांडणाऱ्या दोन पक्षांनी एकाच टेबलाशी बसून निकाल लावावा, असे विज्ञानातही रोज घडत नाही.

इथे चाणाक्ष वाचक म्हणेल, एकट्या प्रभाराचे चुंबकत्व इतके नगण्य, तर साध्या तारेजवळ होकायंत्राची सुई कशी वळते? १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेत १ अँपिअर वीज वाहते तेव्हा इलेक्ट्रॉन सेकंदाला मिलिमीटरच्या चौदाव्या हिश्श्याएवढेच सरकतात. गोगलगाय त्यांना सहज मागे टाकेल. वेग आणि प्रकाशवेग यांच्या गुणोत्तराचा वर्ग इथे दशांश चिन्हानंतर पंचविसाव्या घरापर्यंत शून्येच देतो. अशा दोन तारा १ मीटरवर समांतर ठेवल्या, तर त्यांच्यातले चुंबकीय बळ मीटरभर लांबीला १ न्यूटनच्या ५० लाखाव्या भागाएवढे असते. ते मोजता येते. आणि फक्त इलेक्ट्रॉनांचेच विद्युत प्रतिकर्षण असते तर? एक मीटर तारेत सुमारे १३,६०० कूलंब फिरता प्रभार असतो. त्याचे बळ ३ वर १८ शून्ये एवढे न्यूटन भरले असते. ते जाणवत नाही, कारण तांब्याच्या अणूंचा धन प्रभार त्याला तंतोतंत खोडतो. धन प्रभार जागच्या जागी असल्यामुळे इलेक्ट्रॉनांचे चुंबकत्व मात्र कोणी खोडत नाही. रोलंडने मुलाम्याच्या काचांनी जे केले, ते तार आपले आपण करते.

म्हणूनच विद्यार्थ्यांनी तारेचे सूत्र एकट्या प्रभाराला आंधळेपणाने लावू नये. बायो-सावार नियम अखंड, न बदलणाऱ्या प्रवाहासाठी आहे. एकटा धावता प्रभार तसा प्रवाह नव्हे, तो येतो आणि निघून जातो. वेग कमी असताना उत्तर जुळते, हे नशीब. आणि परीक्षेत ‘दोहोंपैकी कोणते क्षेत्र मोठे’ असे विचारले, तर आधी चुंबकीय क्षेत्राला c ने गुणा, मगच तोंड उघडा.

मंदगती इलेक्ट्रॉनांच्या या खोडले न जाणाऱ्या चुंबकत्वाचा उपद्रव मुंबईनेही पाहिला आहे. शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहांमुळे कुलाब्याच्या वेधशाळेतली पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे बिघडणार हे उघड होते. त्यामुळे ते काम अलिबागला हलवण्यात आले. तिथे १९०४ पासून नोंदी सुरू झाल्या आणि त्या आजही चालू आहेत.