दसऱ्याच्या सकाळी डबा गप्प झाला

स्टेशनजवळच्या बाजारपेठेतलं एक दुग्धालय. दसऱ्याची सकाळ, साडेनऊची वेळ. बाहेर फुटपाथवर झेंडूचे ढीग आणि आपट्याच्या जुड्या, आत श्रीखंडासाठी रांग. काका स्वतः काट्यावर, काकू डबे भरून देताहेत, कामाचा पोरगा फ्रीजमधून पातेली काढतोय. अर्धा किलो श्रीखंड १८० रुपये. निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं मोबाईलवरूनच पैसे देताहेत आणि काउंटरवरचा स्पीकरचा डबा मिनिटाला दोन-तीनदा सांगतोय, ‘एकशे ऐंशी रुपये प्राप्त झाले.’ काकांना मान वर करायचीही गरज पडत नाही. कान डब्याकडे, हात काट्यावर.

आणि मग डबा बोलायचा थांबतो. दिवा हिरवा आहे, बॅटरी भरलेली आहे, पण आवाज नाही. “काका, गेले पैसे, हे बघा,” म्हणत एक जण हिरवी खूण दाखवतो. मागचा म्हणतो, “माझेही गेले.” तिसऱ्याच्या मोबाईलवर नुसतंच चाक फिरतंय. रांग दारापर्यंत गेलेली.

ही गोष्ट रचलेली आहे, पण तिच्यातली अडचण सणासुदीच्या बाजारात कोणालाही गाठू शकते. त्या वेळी दुकानदाराने काय समजायचं आणि काय समजायचं नाही, हे कळायला पैसे आणि आवाज कोणत्या वाटांनी येतात ते पाहावं लागतं. या दोन वाटा वेगवेगळ्या आहेत.

गिऱ्हाईक क्यूआर कोड स्कॅन करतं, रक्कम आणि पिन टाकतं. त्याच्या ॲपकडून हा निरोप नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यूपीआय यंत्रणेकडे जातो. ती गिऱ्हाइकाच्या बँकेला पैसे वळते करायला सांगते, दुकानदाराच्या बाजूच्या बँकेला जमा करायला सांगते आणि दोन्हींकडून होकार आला की व्यवहार पुरा होतो. एवढ्या प्रवासात दुकानातल्या डब्याचा कुठेच संबंध येत नाही. व्यवहार पुरा झाल्यावर ज्या कंपनीने किंवा बँकेने दुकानदाराला क्यूआर दिला, तिच्या सर्व्हरवर नोंद होते आणि तो सर्व्हर डब्याला एक छोटासा निरोप धाडतो: अमुक रक्कम आली. डब्यात मोबाईलसारखंच सिमकार्ड असतं. निरोप मिळाला की डबा ती रक्कम बोलून दाखवतो.

म्हणजे डबा ही फक्त शेवटची वर्दी आहे. तो गप्प झाला याचा अर्थ सर्व्हर ते दुकान एवढा शेवटचा तुकडा तुटला, इतकाच असू शकतो. गिऱ्हाइकाचा मोबाईल वेगळ्या कंपनीच्या नेटवर्कवर असतो, त्याचे पैसे व्यवस्थित पोहोचलेले असतात.

मग दिवा हिरवा कसा? सर्व्हरशी आपला दुवा जिवंत आहे ना, हे डबा ठरावीक वेळाने तपासतो, सतत नाही. बाजारात एकाच टॉवरवर हजारो फोन आले की नेटवर्क मधला दुवा सोडून देतं आणि डब्याला ते पुढच्या तपासणीपर्यंत कळतच नाही. तोवर तो जोडलेला असल्यासारखा शांत बसतो. ‘नेटवर्क उपलब्ध नाही’ असं डबा स्वतःहून सांगतो तेव्हा दुकानदार निदान सावध होतो. हिरव्या दिव्याचं मौन जास्त घातक, कारण गर्दीत पहिली पाच-सहा गिऱ्हाइकं निघून जाईपर्यंत ते लक्षातही येत नाही.

काकांनी पहिल्यांदा बँकेचे मेसेज उघडून पाहिले. सकाळपासून एकही नाही. त्यांच्या पोटात गोळा आला, पण त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. क्यूआर देणाऱ्या अनेक कंपन्या दिवसभराची रक्कम आपल्याकडे गोळा करून एकदम बँक खात्यात भरतात, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. अशा दुकानदाराला प्रत्येक १८० रुपयांचा बँकेकडून मेसेज येत नाही, एकच मोठा आकडा येतो. त्याच्यासाठी खरी नोंदवही म्हणजे दुकानदारांसाठीचं ॲप, जिथे प्रत्येक व्यवहार देणाऱ्याचं नाव, वेळ आणि बारा आकडी संदर्भ क्रमांकासह दिसतो.

कॉलेजातला भाचा मदतीला आला होता. त्याने काकांच्या मोबाईलवर ते ॲप उघडलं आणि यादी खाली ओढून ताजी केली. डबा गप्प झाल्यापासूनचे व्यवहार एकाखाली एक दिसत होते. मग त्याने तिथेच स्टूल टाकलं. गिऱ्हाइकाने पैसे पाठवले की तो नाव विचारायचा, यादीत ते नाव आणि वेळ जुळवायचा आणि मान हलवायचा, मगच काकू पिशवी पुढे करायच्या. पोरग्याकडे एक वही दिली: रक्कम, नाव, आणि यादीत दिसलं नसेल तर फुली.

नाव विचारणं महत्त्वाचं होतं, कारण डबा चालू असतानाही बहुतेक वेळा फक्त रक्कम सांगतो, कोणी दिली ते सांगत नाही. सणाच्या दिवशी दर दुसरं गिऱ्हाईक तीच वस्तू तेवढीच घेतं. तीन जणांनी एकाच वेळी मोबाईल पुढे केले आणि दोनदा ‘एकशे ऐंशी’ ऐकू आलं, तर राहिलेला तिसरा कोण, हे आवाजावरून कळायला मार्ग नाही. माझ्या मते गर्दीच्या दिवशी बोलणाऱ्या डब्यावरही एवढा भरवसा ठेवू नये.

सव्वादहाच्या सुमारास भाच्याने डबा बंद करून पुन्हा चालू केला. अशा वेळी हाच सर्वांत सोपा उपाय, कारण चालू होताना डबा सर्व्हरशी नव्याने दुवा जोडतो. दुवा जोडला गेला आणि डबा लागोपाठ बोलत सुटला: एकशे ऐंशी, तीनशे साठ, एकशे ऐंशी. काकूंनी समोरच्या ताईंना पिशवी दिली. “अहो काकू, मी अजून पिनसुद्धा टाकला नाही,” ताई म्हणाल्या. सर्व्हरवर तुंबून राहिलेले निरोप डबा आता सांगत होता. काही डबे असे जुने निरोप टाकून देतात, काही एकामागून एक वाचून दाखवतात. डबा परत बोलायला लागल्यावरची पहिली एक-दोन मिनिटं म्हणूनच सर्वांत फसवी. तेवढा वेळ त्याचं ऐकायचं नाही, ॲपच पाहायचं.

रात्री हिशेब जुळवला. डबा गप्प असतानाच्या काळात वहीत ३४ नोंदी होत्या, ॲपमध्ये ३२. फुलीच्या दोन नोंदींपैकी एक ३६० रुपयांची होती. त्या दादांच्या मोबाईलवर चाक फिरत राहिलं, मग ‘प्रक्रियेत’ असं आलं. अशा व्यवहारात पैसे देणाऱ्याच्या खात्यातून वजा झालेले असू शकतात, पण पुढच्या बाजूचा होकार अजून आलेला नसतो. काकांनी त्यांना पुन्हा पैसे पाठवायला लावलं नाही, फोन नंबर आणि संदर्भ क्रमांक लिहून घेतला. दुपारी व्यवहार रद्द होऊन पैसे त्यांच्या खात्यात परत आले आणि संध्याकाळी सोनं द्यायला बाहेर पडले तेव्हा ते रोख ३६० देऊन गेले. पैसे परत आले नसते तरी त्यांना आधार होता. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, खात्यातून वजा होऊन दुकानदारापर्यंत न पोहोचलेले यूपीआयचे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत मिळायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

दुसरी नोंद १८० रुपयांची. भाचा स्टुलावर बसण्याआधी एका तरुणाने हिरवी खूण दाखवली होती. त्या नावाचा व्यवहार यादीत कुठेच नव्हता, रात्रीही नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. खऱ्या ॲपसारखा हुबेहूब पडदा दाखवणारी बनावट ॲप्स मिळतात. त्यांत दुकानाचं नाव आणि रक्कम टाकली की खूण उमटते, पैसे मात्र कुठेच जात नाहीत. गिऱ्हाइकाच्या मोबाईलवरचं चित्र हा पुरावा नव्हेच.

डबा गप्प होण्याची आणखी दोन कारणं असू शकतात आणि ती ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. एक म्हणजे यूपीआयच अडखळलेलं असणं. तेव्हा एकट्या दुकानाचा नव्हे, शेजारच्या दुकानांचेही डबे शांत होतात आणि गिऱ्हाइकांच्या मोबाईलवर व्यवहारच अडकतात. १२ एप्रिल २०२५ ला, हनुमान जयंतीच्या दिवशी, देशभर असं झालं. नंतर समोर आलेलं कारण या गोष्टीशी थेट जुळणारं आहे: काही बँकांकडून ‘त्या व्यवहाराचं काय झालं’ ही विचारणा इतक्या प्रचंड संख्येने पुन्हा पुन्हा येत राहिली की यंत्रणा तिच्या ओझ्याखाली आली. त्यानंतर अशा विचारणांवर मर्यादा घालण्यात आल्या. सगळा बाजार गप्प असेल तर दुकानदाराने सरळ रोख मागावी, पुन्हा पुन्हा स्कॅन करायला लावू नये. नाहीतर एकाच गिऱ्हाइकाचे दोनदा पैसे कापले जाण्याची भीती असते.

दुसरं कारण चोरीचं. रात्रीतून कोणी दुकानाच्या क्यूआरवर स्वतःचा क्यूआर चिकटवून गेलं, तर गिऱ्हाइकाचे पैसे खरोखर जातात, पण चोराच्या खात्यात. डबा ठणठणीत असतो आणि तरी गप्प राहतो, कारण त्याच्या मालकाचे पैसे आलेलेच नसतात. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या खजुराहोत पेट्रोल पंपासह अनेक दुकानांत हा प्रकार उघड झाला होता. इथे ॲपची यादीही रिकामी दिसते आणि गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर पैसे घेणाऱ्याचं नाव भलतंच असतं. शटर उघडल्यावर घरच्याच दुसऱ्या फोनवरून एक रुपया पाठवून नाव वाचलं आणि डबा बोलतोय का ऐकलं, तर क्यूआर आणि डबा दोन्हींची तपासणी होते. प्रत्यक्ष फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे अडवणं अवघड.

आणि आपण, रांगेत उभे असलेले? पुढच्या सणाला दुकानातला डबा बोलला नाही तर दुकानदारावर चिडू नका, हिरवी खूण नाचवून निघूनही जाऊ नका. व्यवहाराचा तपशील उघडा, बारा आकडी क्रमांक आणि आपलं नाव त्याला सांगा, आणि त्याच्या यादीत ते दिसेपर्यंत अर्धा मिनिट थांबा.